झिरो डेप्रिसिएशन कव्हर: विमा कंपनी काय भरते आणि तुमच्या खिशातून काय जातं

नवी गाडी घेताना शोरूममधला माणूस विम्याच्या कागदावर बोट ठेवून सांगतो, "यात बंपर टू बंपर आहे, तुम्हाला एक रुपयाही भरावा लागणार नाही." त्याच्या या वाक्यातला पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा खरा असतो, दुसरा मात्र नसतो. पॉलिसीच्या कागदावर 'बंपर टू बंपर' हे नावसुद्धा सहसा सापडत नाही. तिथे झिरो डेप्रिसिएशन, निल डेप्रिसिएशन किंवा डेप्रिसिएशन रीइम्बर्समेंट असं लिहिलेलं असतं. हे कागदावरचं नावच जास्त प्रामाणिक आहे, कारण हे कव्हर एकच काम करतं. बदललेल्या भागांवर विमा कंपनी जो घसारा कापते, तो कापू देत नाही. घसाऱ्याशी ज्या रकमेचा संबंध नाही, तिला हे कव्हर हात लावत नाही. एवढं लक्षात राहिलं की पुढचं सगळं त्यातूनच उलगडतं.

घसारा कापतात तरी कसा?

साध्या पॉलिसीत एखादा तुटलेला भाग बदलला, तर कंपनी नव्या भागाची पूर्ण किंमत देत नाही. तुमचा जुना भाग काही काळ वापरलेला होता, त्यामुळे त्याची झीज तुम्ही सोसायची, असा त्यामागचा हिशेब आहे. ही झीज नुकसान पाहायला येणारा सर्वेअर अंदाजाने ठरवत नाही, तिचा तक्ता पॉलिसीतच छापलेला असतो.

धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो. पहिले 6 महिने काहीच नाही, 6 महिने ते 1 वर्ष 5 टक्के, दुसऱ्या वर्षात 10, तिसऱ्यात 15, चौथ्यात 25 आणि पाचव्यात 35 टक्के. त्यानंतर दहा वर्षांपर्यंत 40 आणि पुढे 50 टक्के. काचेवर घसारा नसतो, त्यामुळे विंडशील्ड फुटली तर साध्या पॉलिसीतही तिची पूर्ण किंमत धरली जाते. फायबरग्लासवर 30 टक्के घसारा लागतो.

खरी मेख आहे ती प्लास्टिकमध्ये. प्लास्टिक, रबर आणि नायलॉनचे भाग, बॅटरी, टायर-ट्यूब आणि एअरबॅग यांच्यावर सरसकट 50 टक्के घसारा आहे, आणि त्याचा गाडीच्या वयाशी काही संबंध नाही. शोरूममधून काल बाहेर पडलेल्या गाडीचा बंपर आज फुटला, तरी साध्या पॉलिसीत त्याची निम्मी किंमत तुमच्या माथी येते. "गाडी नवीनच आहे, घसारा कसला आलाय?" हा विचार म्हणूनच महागात पडतो. आजच्या गाडीचं तोंड बघा. बंपर, ग्रिल, फॉग लॅम्पभोवतीची चौकट, आरशाचं कव्हर आणि चाकावरचं आतलं अस्तर, सगळं प्लास्टिक. हेडलॅम्पची पुढची पारदर्शक बाजू दिसते काचेसारखी, पण बहुतेक गाड्यांत तीही प्लास्टिकचीच असते आणि तिचा हिशेबही त्याच दराने होतो. शहरातल्या वाहतुकीत गाडी ठोकली जाते तीही नेमकी पुढून किंवा मागून.

रंगकामाचा हिशेब थोडा वेगळा आहे. तिथे घसारा फक्त रंगाच्या साहित्यावर 50 टक्के लागतो, मजुरीवर नाही. बिलात साहित्य आणि मजुरी वेगळी दाखवली नसेल, तर रंगकामाच्या एकूण रकमेचा चौथा हिस्सा साहित्य म्हणून धरतात. म्हणजे प्रत्यक्षात एकूण रंगकामाच्या साडेबारा टक्के कापले जातात.

एक बिल शेवटपर्यंत सोडवून पाहू

समजा पेट्रोल गाडी आहे, इंजिन 1200 सीसीचं, वय 8 महिने. पावसात ब्रेक लागला नाही आणि ती पुढच्या टेम्पोच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर आदळली. गाडी गॅरेजमध्ये आहेच तर मागच्या दारावरचा जुना ओरखडाही रंगवून घ्यावा, असं मालकाने सांगितलं. कर धरून बिल असं झालं. खालचे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

- बंपर, ग्रिल, डावा हेडलॅम्प, क्लिपांच्या पट्ट्या आणि चाकाचं अस्तर, म्हणजे सगळं प्लास्टिक: 28,000 रुपये
- बॉनेट, डावा फेंडर आणि एसीचा कंडेन्सर, म्हणजे धातू: 24,000 रुपये
- या भागांचं रंगकाम: 12,000 रुपये
- काढण्या-बसवण्याची मजुरी: 8,000 रुपये
- कूलंट, एसी गॅस, नट-बोल्ट, क्लिपा: 2,500 रुपये
- मागच्या दाराचा जुना ओरखडा: 4,500 रुपये

एकूण 79,000 रुपये.

आधी साध्या पॉलिसीचा हिशेब करू. प्लास्टिकवर निम्मा घसारा म्हणजे 14,000. धातूवर 5 टक्क्यांनी 1,200. रंगाचं साहित्य 12,000 चा चौथा हिस्सा, म्हणजे 3,000, आणि त्याचे निम्मे 1,500. घसारा झाला 16,700 रुपये. त्यात कूलंट-गॅसचे 2,500, जुन्या ओरखड्याचे 4,500 आणि सक्तीच्या वजावटीचे, म्हणजे प्रत्येक दाव्यात मालकानेच भरायच्या ठरावीक रकमेचे, 1,000 मिळवा. मालकाच्या खिशातून 24,700 जातात आणि कंपनी 54,300 भरते.

आता झिरो डेप असेल तर? फक्त 16,700 चा आकडा पुसला जातो. बाकी तीनही रकमा जागच्या जागी राहतात. मालक 8,000 रुपये भरतो आणि कंपनी 71,000.

या 16,700 पैकी 14,000 एकट्या प्लास्टिकचे आहेत, हे पुन्हा एकदा पाहा. पहिल्या वर्षात झिरो डेप घ्यायचं ते मुख्यतः प्लास्टिकसाठी. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून धातूचा घसाराही जाणवण्याइतका वाढतो आणि कव्हरचा उपयोग आणखी वाढतो.

तरीही भरावे लागणारे ते 8,000

सक्तीची वजावट प्रत्येक दाव्यात असते. खासगी गाडीला 1500 सीसीपर्यंत 1,000 रुपये आणि त्यावरच्या इंजिनाला 2,000. झिरो डेपने ती जात नाही. प्रीमियम कमी व्हावा म्हणून तुम्ही स्वतःहून ऐच्छिक वजावट स्वीकारली असेल, तर तीही यात वाढते. ऑनलाइन पॉलिसी घेताना ही ऐच्छिक वजावट एका छोट्या खुणेने निवडली जाते आणि मग विसरली जाते. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये ती किती आहे ते आजच बघून ठेवा. काही स्वस्त झिरो डेप कव्हरांना त्यांची स्वतःची वेगळी वजावट असते, तीही तिथेच लिहिलेली असते.

कूलंट, इंजिन ऑइल, ग्रीस, एसी गॅस, नट-बोल्ट, वॉशर हा एकदा वापरून संपणारा माल. त्याला कन्झ्युमेबल्स म्हणतात आणि त्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. लहान अपघातात ही रक्कम किरकोळ असते. पण कूलिंग सिस्टीम किंवा एसी उघडावा लागला की ती चटकन वाढते.

जुन्या ओरखड्याबद्दल नियम अगदी साधा आहे. एका दाव्यात एकाच घटनेचं नुकसान बसतं. आठवड्यापूर्वी खांबाला घासलेलं मागचं दार आणि आज टेम्पोवर आदळलेलं तोंड या दोन घटना आहेत. दोन्ही दाव्यात घ्यायच्या तर दोन स्वतंत्र दावे आणि दोन वजावटी. ओरखड्याची दिशा, उंची, त्यात बसलेली धूळ आणि गंज यावरून सर्वेअरला घटना वेगळी असल्याचं सहज कळतं. "टाकून द्या एकातच" असा सल्ला कुणी दिला तरी दावा अर्जात खोटं लिहू नका. चुकीची माहिती दिली म्हणून पूर्ण दावाच नाकारला जाऊ शकतो.

बदलणं आणि दुरुस्त करणं

सगळ्यात जास्त भांडणं या मुद्द्यावर होतात. झिरो डेप म्हणजे नवा भाग मिळण्याची हमी नव्हे. भाग बदलायचा की दुरुस्त करायचा, हे सर्वेअर नुकसान पाहून ठरवतो. बॉनेटला पोचा पडलाय, पण पत्रा फाटलेला नाही आणि कडा सरळ आहेत, तर तो ठोकून, लांबी भरून रंगवायला मंजुरी मिळेल. नवं बॉनेट मिळणार नाही. भाग बदललाच नाही तर घसाऱ्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे इथे झिरो डेपला काही काम उरत नाही.

म्हणून भाग बदलायलाच हवा असं वाटत असेल, तर युक्तिवाद तांत्रिक करा. बंपरची बसवण्याची खुंटी तुटली आहे, हेडलॅम्पचा कान तुटल्याने प्रकाश सरळ पडत नाही, बॉनेटची आतली पट्टी वाकल्याने लॉक नीट बसत नाही, अशी कारणं सर्वेअर ऐकून घेतो. त्यासाठी गॅरेजच्या सल्लागाराला भाग खोलून दाखवायला सांगा आणि फोटो काढा. "माझं झिरो डेप आहे" हे त्या वेळी कारण ठरत नाही.

इंजिन, टायर आणि पूर्ण गेलेली गाडी

पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी शिरलं आणि सीट, गालिचा, वायरिंग भिजलं, तर ते पुराचं नुकसान आहे आणि मूळ पॉलिसीतच बसतं. पण पाण्यात बुडालेली गाडी कुणी चावी फिरवून सुरू करायला गेलं, तर पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये ओढलं जातं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जाम होतं. हे नुकसान पुराने झालं नाही, नंतरच्या कृतीने झालं, असं धरून कंपनी ते वगळते. झिरो डेप इथे उपयोगी पडत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर आहे. सखल भागात राहणाऱ्याने पैसे मोजकेच असतील तर कन्झ्युमेबल्सच्या आधी हे घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि कव्हर असो वा नसो, पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू न करता टो करूनच गॅरेजला न्यावी.

याचंच दुसरं रूप कोरड्या रस्त्यावर दिसतं. मोठा दगड खालून लागतो, इंजिनाखालची ऑइलची टाकी, म्हणजे संप, फुटतो, डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि तरी चालक चार किलोमीटर पुढे जातो. संप अपघातात फुटला म्हणून त्याचे पैसे मिळतात. ऑइलविना चालून जाम झालेल्या इंजिनाचे मिळत नाहीत.

टायरचा नियम मूळ पॉलिसीतच कडक आहे. गाडीला दुसरं काही न होता फक्त टायर फुटला तर काहीच मिळत नाही. गाडीलाही त्याच वेळी नुकसान झालं असेल तर टायरची निम्मी किंमत मिळते. उरलेली निम्मी झिरो डेपने भरून निघते का, हे कव्हरच्या शब्दांवर अवलंबून आहे. अनेक कंपन्या टायर, ट्यूब आणि बॅटरी यांना झिरो डेपमधून उघडपणे वगळतात. खोटं बोलून कुणी फसवलेलं नसतं, ते वाक्य शर्तींमध्ये असतं, पण वाचलेलं नसतं.

गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीच्या पलीकडे गेली, तर सगळा हिशेबच बदलतो. तिथे भागांवरचा घसारा नसतोच. पॉलिसीत लिहिलेली आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा किंमत, वजावट वळती करून मिळते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला तरी गाडी पूर्ण गेली असं मानतात. 9 लाख रुपये एक्स-शोरूम किमतीच्या नव्या गाडीची आयडीव्ही 5 टक्के कमी करून 8,55,000 धरली जाते. रस्ता कर, नोंदणी आणि विम्यासह तुम्ही मोजलेली रक्कम त्याहून बरीच मोठी असते. तो फरक झिरो डेप देत नाही. त्यासाठी रिटर्न टू इनव्हॉइस हे कव्हर आहे. कर्जावर गाडी घेतली असेल आणि डाउन पेमेंट कमी असेल, तर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत ते नक्की पाहा, कारण मिळालेली आयडीव्ही आधी बँकेच्या कर्जात जाते.

दारू पिऊन चालवणं, वैध परवाना नसणं, खासगी गाडी भाड्याने चालवणं, आपोआप झालेला यांत्रिक बिघाड: यांत मूळ पॉलिसीच दाद देत नाही, तेव्हा त्यावर चढवलेलं झिरो डेपही नाही. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट किंवा महागडी म्युझिक सिस्टीम पॉलिसीत नोंदवलेली नसेल, तर तिचंही तसंच.

पॉलिसी हातात आल्यावर काय तपासायचं

शेड्यूलमध्ये झिरो डेपच्या नावापुढे प्रीमियमची रक्कम किंवा 'समाविष्ट' असा शब्द आहे ना, हे आधी बघा. तोंडी वचन आणि कोटेशनचा कागद याला किंमत नाही. मग त्या कव्हरच्या शर्तींची वेगळी पीडीएफ कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. ती दोन-तीन पानांचीच असते. त्यात चार गोष्टी शोधा: वर्षात किती दावे चालतात, कोणते भाग वगळले आहेत, रंगकामाचा घसारा धरला आहे का, आणि दुरुस्ती ठरावीक गॅरेजमध्येच करायची अट आहे का.

दाव्यांच्या संख्येबाबत एक गैरसमज आहे. अनेक कव्हरांत वर्षाला दोन दावे असतात, काहींत मर्यादा नसते. मर्यादा दोनची असली तरी तिसरा दावा फेटाळला जात नाही. तो साध्या पॉलिसीच्या नियमाने, घसारा कापून निकालात निघतो. म्हणून हे दोन दावे किरकोळ ओरखड्यांवर उडवू नका. 3,500 रुपयांचं बंपरचं रंगकाम दाव्यात घातलं, तर वजावट जाऊन हाती 2,500 येतात. बदल्यात पुढच्या वर्षीचा 20 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो. स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा प्रीमियम 10,000 असेल तर तो बोनस 2,000 रुपयांचा आहे, आणि त्यापुढची 25, 35, 45, 50 टक्क्यांची शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. शिवाय दोनपैकी एक झिरो डेप दावा खर्ची पडतो. असं काम स्वतःच्या पैशाने करून मोकळं व्हावं.

अपघात झाल्यावर

गाडी हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो घ्या. नंबर प्लेट आणि तुटलेला भाग एका तरी फोटोत एकत्र दिसू द्या. कुणी जखमी असेल तर आधी उपचार, मग पोलिसांना खबर. कंपनीला त्याच दिवशी कळवून दावा क्रमांक घ्या. सर्वेअरने पाहण्याआधी एकही भाग खोलू किंवा दुरुस्त करू देऊ नका. बाकी सगळं बरोबर असूनही दावे इथे अडकतात.

गॅरेज खर्चाचा अंदाज देईल आणि सर्वेअर त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे मंजूर रक्कम लिहील. भाग खोलल्यावर आत आणखी नुकसान निघालं, तर काम थांबवून पूरक अंदाज मंजूर करून घ्यायला सांगा. नाहीतर ती ओळ शेवटी तुमच्या बिलात येते. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मंजुरीचं पत्र आणि अंतिम बिल शेजारी ठेवा. प्लास्टिकच्या भागांपुढे निम्मी रक्कम दिसली, तर झिरो डेप लावलेलंच नाही हे लगेच कळतं. ही चूक खरोखर होते, आणि पैसे भरण्यापूर्वी दाखवली तर बहुधा जागेवरच सुधारली जाते. घसाऱ्याखेरीज दुसरी कुठलीही कपात असेल तर तिचं कारण लेखी मागा.

उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. तक्रारीला फी नाही आणि वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत मात्र जावं लागतं.

दुसऱ्या वर्षीचा सापळा

नव्या गाडीबरोबर मिळणाऱ्या पॉलिसीत तृतीय पक्ष विमा 3 वर्षांचा असतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेकदा 1 वर्षाचाच. झिरो डेप या दुसऱ्या भागाला जोडलेलं असतं आणि त्याच्याबरोबरच संपतं. कागदावर 3 वर्षांपुढची तारीख दिसते म्हणून मालक निर्धास्त राहतो आणि तेराव्या महिन्यात गाडी ठोकली की झिरो डेप तर नाहीच, स्वतःच्या नुकसानीचा विमाही नाही, असं कळतं. शेड्यूलवर दोन वेगळ्या मुदती छापलेल्या असतात. त्यातली लवकर संपणारी तारीख फोनमध्ये महिनाभर आधीची आठवण लावून ठेवा.

नूतनीकरणात खंड पडला तर कंपनी आधी गाडीची तपासणी करते, आणि मागच्या वर्षी झिरो डेप नव्हतं म्हणून यंदा द्यायला काही कंपन्या नकार देतात. मुदत संपून 90 दिवस उलटले तर जमलेला नो क्लेम बोनसही जातो. अनेक कंपन्या हे कव्हर गाडी 5 वर्षांची होईपर्यंतच देतात, काही त्यापुढेही. त्यामुळे चौथ्या वर्षी कंपनी बदलायची झाली तर प्रीमियमआधी ती तुमच्या गाडीला आणखी किती वर्षं झिरो डेप देईल, हे विचारा.